विश्लेषण : बातमी पाठवून खाली नुसतेच ‘थॉट्स?’... उत्तर नेमके कशाचे द्यायचे?

कृत्रिम गोडवा देणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमला जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ‘कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेला’ पदार्थ म्हणून जाहीर करणार, अशी बातमी रॉयटर्सने २९ जून २०२३ रोजी दिली. डाएट कोला, शुगर-फ्री च्युइंगगम आणि मधुमेहींच्या चहात पडणाऱ्या छोट्या गोळ्या यांमध्ये हा पदार्थ सर्रास वापरला जातो. त्यामुळे बातमी जगभर पसरली आणि कुटुंबांच्या, मित्रांच्या गटांमध्येही पोहोचली. बातमी अशी पोहोचते तेव्हा पाठवणारा बहुतेक वेळा स्वतः काही लिहीत नाही. वर अख्खा मजकूर चिकटवलेला असतो आणि खाली एकच शब्द असतो, ‘थॉट्स?’ किंवा ‘काय वाटतं?’

या एका शब्दात निदान तीन वेगळे प्रश्न असू शकतात. बातमीत काय म्हटले आहे, ते खरे आहे का आणि मग काय करायचे? पहिल्याचे उत्तर म्हणजे सारांश, दुसऱ्याचे तथ्यतपासणी आणि तिसऱ्याचे मत. एकाच वाक्यात ही तिन्ही उत्तरे मिसळली की काय होते, हे समजायला अ‍ॅस्पार्टेमची बातमी उत्तम उदाहरण आहे. पुढे काय घडले, कोणी काय जाहीर केले आणि आकडे काय होते, हे सगळे आता नोंदीत आहे.

तीन कामे वेगळी का?

प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. सारांश बरोबर की चूक हे मूळ बातमीशी ताडून ठरते. बातमी पूर्ण खोटी असली तरी तिचा सारांश अचूक असू शकतो. तथ्यतपासणी बातमीच्या बाहेर जाऊन करावी लागते. त्यासाठी ज्या संस्थेचा हवाला दिला आहे तिचे स्वतःचे निवेदन, आकड्याचा मूळ स्रोत आणि तारीख पाहावी लागते. मताची कसोटी यापैकी कुठेच नसते. ते कोण विचारतो आहे, त्याची परिस्थिती काय आहे आणि त्याला कोणती जोखीम चालते यावर अवलंबून असते. एकच तथ्य मान्य असलेल्या दोन माणसांची मते वेगळी असू शकतात आणि त्यात कोणी खोटे बोलत नसते.

छापील अंकात हा फरक पानच सांगत असे. बातमी पहिल्या पानावर, अग्रलेख आतल्या पानावर, वाचकांची पत्रे त्याच्या शेजारी. मोबाइलवर बातमी, लेख आणि कोणाचे तरी संतप्त टिपण हे सगळे एकाच आकाराच्या चौकटीत दिसते. वेगळे करण्याचे काम आता वाचणाऱ्यावर आले आहे आणि ‘थॉट्स?’ला उत्तर देणाऱ्यावर तर दुप्पट.

सर्वसाधारण घरातले चित्र डोळ्यांसमोर आणू. साताऱ्यात राहणारे, साठीतले, मधुमेही मामा. वजन ६५ किलो. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात गोडव्याच्या दोन गोळ्या. त्यांनी ही बातमी नातेवाइकांच्या गटात टाकली आणि खाली लिहिले, ‘थॉट्स?’ दहा मिनिटांत तीन उत्तरे येतात.

‘डब्ल्यूएचओनेच सांगितलंय, कॅन्सर होतो.’

‘सगळं कंपन्यांचं राजकारण. उद्या म्हणतील पाणीपण वाईट.’

‘त्यापेक्षा गूळ घाल. नैसर्गिक असतो.’

पहिले उत्तर सारांशासारखे दिसते, पण चुकीचे आहे. दुसरे तथ्यतपासणीचा आव आणते, पण कोणत्याही दाव्याला हात लावत नाही. तिसरा थेट सल्ला आहे आणि मधुमेही माणसाचे खरे नुकसान त्यातूनच होऊ शकते. मामा या तिघांपैकी कोणाचे ऐकतील, यावर उद्या सकाळच्या चहात काय पडेल ते ठरणार आहे.

सारांश : बातमीत होते तेवढेच कसे सांगायचे?

२९ जूनच्या बातमीचा प्रामाणिक सारांश दोन-तीन वाक्यांत मावतो. संस्थेतील प्रक्रियेची माहिती असलेल्या दोन सूत्रांच्या हवाल्याने रॉयटर्सने म्हटले की, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था (आयएआरसी) जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेमला ‘शक्यता’ या गटात टाकणार आहे. सुरक्षित प्रमाण किती, हा प्रश्न या संस्थेच्या कक्षेत नाही. ते काम अन्नातील मिश्रकांवरील दुसऱ्या तज्ज्ञ समितीचे आहे आणि तिचा निष्कर्षही त्याच सुमारास यायचा आहे.

यात तीन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, कोण म्हणाले. त्या दिवशी संस्थेने स्वतः काही जाहीर केले नव्हते, बोलत होती ती सूत्रे. दुसरी, काळ. ‘जाहीर केले’ नव्हे, ‘जाहीर करणार’. तिसरी, खात्रीची पातळी. मूळ वाक्यात ‘होतो’ नव्हते. मामांच्या गटातल्या पहिल्या उत्तराने या तिन्ही गोष्टी एका फटक्यात गमावल्या. सूत्रांच्या जागी संस्था आली, भविष्याच्या जागी भूतकाळ आला आणि ‘शक्यते’च्या जागी ‘होतो’ आले.

तिसऱ्या मुद्द्यावर मराठीत एक खास अडचण आहे. आयएआरसी पदार्थांची विभागणी गटांत करते. गट १ म्हणजे माणसात कर्करोगास कारणीभूत, हे सिद्ध. गट २अ म्हणजे इंग्रजीत ‘प्रॉबेबली’. गट २ब म्हणजे ‘पॉसिबली’. गट ३ म्हणजे वर्गीकरण करण्याइतकी माहितीच नाही. इंग्रजीत ‘प्रॉबेबली’ आणि ‘पॉसिबली’ या दोन शब्दांत एक पायरी आहे. मराठीत दोन्हींसाठी ‘संभाव्य’ किंवा ‘शक्यता’ लिहिले की ती पायरी नाहीशी होते. ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ ही जोडी जास्त जवळची आहे. २अ म्हणजे ‘बहुधा कारणीभूत’, २ब म्हणजे ‘कदाचित कारणीभूत’. अ‍ॅस्पार्टेम ‘कदाचित’च्या गटात आहे. बातमीच्या भाषेत ‘कदाचित’ हा शब्द कच्चा वाटतो, म्हणून तो टाळला जातो. पण इथे तोच अचूक आहे.

बोलीभाषेत यासाठी एक छोटेसे साधन आधीपासून आहे, ते म्हणजे ‘म्हणे’. ‘त्याने कॅन्सर होऊ शकतो म्हणे’ या वाक्यात बोलणारा स्वतःची साक्ष काढून घेतो आणि ऐकीव असल्याचे कबूल करतो. सारांश लिहिताना प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ जोडता येते का, हे मनातल्या मनात पाहावे. जिथे ते जोडल्यावर वाक्य विचित्र वाटते, तिथे बहुधा सारांश लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत घुसलेले असते. ‘कंपन्या लोकांच्या जिवाशी खेळत आहेत म्हणे’ असे बातमीत कोणी म्हटले होते का? नसेल, तर ते वाक्य सारांशात राहू शकत नाही.

तपासणी : कशाची, आणि कुठे?

अख्खी बातमी ‘खरी’ किंवा ‘खोटी’ अशी तपासता येत नाही. आधी तिचे सुटे दावे करावे लागतात. अ‍ॅस्पार्टेमच्या बातमीतून, आणि तिच्याबरोबर गटांत फिरलेल्या प्रतिक्रियांतून, मुख्यतः चार दावे निघतात. संस्थेने असे खरेच म्हटले का? म्हटले असेल तर त्याचा अर्थ काय? रोजच्या वापराने धोका होतो का? आणि गूळ हा सुरक्षित पर्याय आहे का?

पहिला दावा सर्वात सोपा. जागतिक आरोग्य संघटनेने १४ जुलै २०२३ रोजी दोन्ही समित्यांचे निष्कर्ष एकत्र जाहीर केले. आयएआरसीने अ‍ॅस्पार्टेमला गट २बमध्ये ठेवले. म्हणजे रॉयटर्सची बातमी खरी निघाली. मात्र ती ‘जाहीर करणार’ म्हणत होती तेवढ्यापुरतीच खरी निघाली. ‘कर्करोग होतो’ हे वाक्य तिच्यात नव्हते, त्यामुळे ते खरे ठरण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा दावा जरा थांबून समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. आयएआरसीचे गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतात. पदार्थ किती घातक आहे हे ते सांगत नाहीत. प्रक्रिया केलेले मांस २०१५ मध्ये गट १मध्ये आले. त्याच गटात तंबाखूही आहे. तेव्हा ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ असे मथळे झाले. प्रत्यक्षात एवढेच म्हटले होते की, दोन्हींबाबत पुरावा सारखाच पक्का आहे. किती माणसांचे किती नुकसान होते, यात तंबाखू आणि सॉसेज यांच्यात प्रचंड अंतर आहे.

अ‍ॅस्पार्टेमबाबत पुरावा ‘मर्यादित’ होता. माणसांवरील अभ्यासांपैकी मोजक्याच अभ्यासांत, यकृताच्या एका प्रकारच्या कर्करोगाशी काही संबंध दिसला होता. तो योगायोग असू शकतो, निवडीतला दोष असू शकतो किंवा तिसऱ्याच कारणाचा परिणाम असू शकतो; या शक्यता नाकारता आल्या नाहीत. उदाहरणार्थ, डाएट पेये घेणारे लोक अनेकदा आधीच वजनदार किंवा मधुमेही असतात आणि या दोन्ही गोष्टींचा यकृताच्या आजारांशी स्वतंत्र संबंध आहे. पेयामुळे आजार झाला की आजाराकडे झुकलेली माणसेच ते पेय निवडत होती, हे अशा अभ्यासात वेगळे करणे अवघड असते.

हा मुद्दा सांगताना खिल्ली उडवणाऱ्यांचीही एक चूक होते. ‘अहो, त्या यादीत लोणचेसुद्धा आहे!’ हे वाक्य त्या दिवसांत खूप फिरले. गट २बमध्ये लोणचे आहे हे खरे, पण ती नोंद ‘पारंपरिक आशियाई खारवलेल्या भाज्यां’ची आहे. तिच्यामागचे अभ्यास पूर्व आशियातील, मिठात मुरवलेल्या भाज्यांचे आहेत. आपल्याकडच्या तेल-मसाल्यातल्या कैरीच्या लोणच्याबद्दल ती नोंद काहीच सांगत नाही. कोरफडीचेही तसेच. यादीत आहे तो संपूर्ण पानाचा अर्क, बाजारातले प्रत्येक कोरफड उत्पादन नव्हे. भीती घालणाऱ्या दाव्याइतकीच ती खोडून काढणाऱ्या दाव्याचीही तपासणी व्हायला हवी. ती सहसा होत नाही, कारण खोडून काढणारा आपल्या बाजूचा वाटतो.

रोजच्या वापराचे गणित काय सांगते?

तिसरा दावा, म्हणजे रोजच्या वापराने धोका होतो का, हा आयएआरसीकडे विचारायचा प्रश्नच नाही. ती संस्था एखादी गोष्ट मुळात अपाय करू शकते का, एवढेच पाहते. किती प्रमाणात आणि कोणाला, हे दुसरी समिती पाहते. विहिरीत माणूस बुडू शकतो, हे विहिरीबद्दलचे विधान झाले. गावातला अमुक माणूस बुडण्याचा संभव किती, यासाठी तो काठावर किती वेळा जातो, कठडा आहे का, पोहता येते का, हे पाहावे लागते. मराठीत दोन्हींना ‘धोका’च म्हणतात. पहिल्याला ‘धोका’ आणि दुसऱ्याला ‘जोखीम’ म्हटले तर निम्मा गोंधळ मिटेल.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती (जेक्फा) ही जोखीम मोजते. तिने १९८१ मध्ये अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ठरवली होती. जुलै २०२३ मध्ये नवा पुरावा पाहून तिने हीच मर्यादा कायम ठेवली. अशी मर्यादा ठरवताना साधारणपणे प्राण्यांवरील चाचण्यांत अपाय न दिसलेली मात्रा घेतात आणि तिचा शंभरावा भाग माणसासाठी धरतात. त्यामुळे मर्यादा ओलांडली की लगेच अपाय, असेही नसते.

आता मामांचा चहा. ६५ किलो वजनाला ४० मिलिग्रॅमने गुणले की रोजची मर्यादा २,६०० मिलिग्रॅम होते. गोळीत अ‍ॅस्पार्टेम साधारण १८ मिलिग्रॅम असते. नेमका आकडा डबीवर छापलेला असतो आणि काही गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेमऐवजी दुसराच पदार्थ असतो, म्हणून डबी पाहणे ही तपासणीची पहिली पायरी. चार कपांच्या आठ गोळ्या म्हणजे १४४ मिलिग्रॅम. मर्यादेचा साधारण अठरावा भाग. मर्यादेपर्यंत पोहोचायला मामांना दिवसाला १४४ गोळ्या घ्याव्या लागतील.

डाएट पेयाचे गणित वेगळे निघते. जागतिक आरोग्य संघटनेने उदाहरण देताना एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले. ७० किलोच्या माणसाची मर्यादा २,८०० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला ९ ते १४ पेक्षा जास्त कॅन, आणि तेही इतर कोणत्याही पदार्थातून अ‍ॅस्पार्टेम जात नाही असे धरून. हा ‘९ ते १४’ आकडा तेव्हा सगळीकडे छापून आला. पण तोच हिशेब २० किलोच्या मुलाला लावला तर मर्यादा ८०० मिलिग्रॅमवर येते आणि ती तीन-चार कॅनमध्येच गाठली जाते. मोठ्यांसाठीचा दिलासा मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही. ‘डाएट आहे, साखर नाही’ म्हणून मुलांच्या पार्टीत बाटल्या ठेवणाऱ्यांनी हे गुणाकार एकदा करून पाहावेत.

एक गट असा आहे, ज्याला हे गणित लागूच नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्यांना अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य आहे, कारण त्यातून मिळणारे फिनाइलॲलनिन त्यांचे शरीर नीट वापरू शकत नाही. वेष्टनावर त्यांच्यासाठीची सूचना बारीक अक्षरांत असते. तिचा कर्करोगाच्या वादाशी संबंध नाही. मात्र ‘बघा, कंपनीच मान्य करते’ म्हणून त्याच सूचनेचा फोटो पुरावा म्हणून सहज पुढे केला जाऊ शकतो.

राहिला गूळ. हा दावा मूळ बातमीत नव्हता, तो गटात जन्माला आला. गुळात लोहासारखी काही खनिजे थोड्या प्रमाणात असतात हे खरे, पण त्याचा मुख्य घटक साखरच आहे. मधुमेही माणसाने अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या सोडून तेवढ्याच गोडीचा गूळ चहात घातला तर रक्तातील साखर वाढणार. त्यासाठी ‘कदाचित’ची गरज नाही. ज्या धोक्याबद्दल पुरावा मर्यादित आहे तो टाळण्यासाठी ज्याबद्दल शंका नाही तो पत्करणे, असा हा व्यवहार होईल.

तज्ज्ञांमध्येच मतभेद असतील तर?

होते आणि ते लपवण्याची गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयएआरसीच्या निष्कर्षाशी असहमती जाहीर केली. ज्या अभ्यासांवर निष्कर्ष आधारला त्यांत लक्षणीय उणिवा असल्याचे त्याचे म्हणणे आहे. तिथली रोजची मर्यादा तर किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे थोडी सैलच आहे. ‘या दोन संस्थांत मतभेद आहेत’ हे तपासता येणारे तथ्य आहे. ‘मी यातल्या अमुक संस्थेवर जास्त विश्वास ठेवतो’ हे मत आहे. दोन्ही वाक्ये लिहायला हरकत नाही, फक्त एकाच दमात नकोत.

दुसऱ्या नातेवाइकाचे ‘कंपन्यांचं राजकारण’ हेही इथेच येते. गोडव्याच्या उद्योगाला या निष्कर्षात रस होता, यात शंका नाही. साखर उद्योगालाही उलट्या बाजूने रस असू शकतो. पण कोणाचा फायदा आहे हे सांगितल्याने दावा खरा-खोटा ठरत नाही. हेतूबद्दलची शंका हे पुरावा अधिक बारकाईने पाहण्याचे कारण आहे, पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

याच काळात आणखी एक बातमी अ‍ॅस्पार्टेमच्या बातमीत मिसळली. १५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना दिली की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडव्यांचा वापर करू नये. ही शिफारस सशर्त होती आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नव्हती. दोन महिन्यांत, एकाच संघटनेच्या नावाने, एकाच पदार्थाबद्दल दोन वेगळी निवेदने आली आणि वाचणाऱ्यांनी त्यांची एकच बातमी केली. मामांसारख्या माणसाने ‘डब्ल्यूएचओने गोळ्या घेऊ नका म्हटलंय’ असे वाचले असेल तर ते बहुधा या मे महिन्याच्या सूचनेतून आलेले असते, ज्यातून मामा नावानिशी वगळलेले नसले तरी त्यांचा आजार वगळलेला आहे.

मत : ते कधी, आणि कोणत्या शब्दांत?

मत सर्वात शेवटी यावे, याचे कारण शिष्टाचार नाही. सारांश आणि तपासणी झाल्यावर मताला जागाच थोडी उरते आणि ती कुठे आहे हे नीट दिसते. अ‍ॅस्पार्टेमच्या बाबतीत ती जागा अशी आहे : पुरावा मर्यादित आहे, मर्यादा खूप वर आहे, दीर्घकालीन आणि अधिक चांगल्या अभ्यासांची गरज असल्याचे दोन्ही समित्या मान्य करतात. एवढे सगळे मान्य करूनही एक आई म्हणू शकते, ‘मुलांना मी देणार नाही, त्यांना त्याची गरजच काय?’ आणि एक मधुमेही माणूस म्हणू शकतो, ‘माझ्या चहात राहू दे.’ दोघांपैकी कोणाची तथ्ये चुकलेली नाहीत. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. संघटनेच्या पोषण विभागाच्या प्रमुखांनीही तेव्हा लोकांना वापर पूर्ण बंद करायला सांगितले नव्हते, प्रमाणात घ्या एवढेच सुचवले होते.

मत लिहिताना दोन गोष्टी सोबत असाव्यात. ते कोणासाठी आहे आणि कशामुळे बदलेल. ‘माझ्या मते’ एवढे दोन शब्द लावले की मत प्रामाणिक होते असा एक समज आहे. ‘माझ्या मते अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर होतो’ हे वाक्य मात्र मत नाहीच. तो तथ्याचा दावा आहे आणि ‘माझ्या मते’ लावून तपासणीतून सुटू पाहतो आहे.

मग मामांना काय लिहायचे?

पुण्यातल्या भाचीने तिन्ही कामे वेगळी ठेवून उत्तर दिले, तर ते साधारण असे दिसेल :

‘मामा, बातमीत एवढंच आहे : दोन सूत्रांच्या मते कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅस्पार्टेमला “कदाचित”वाल्या गटात टाकणार आहे. किती घेतलं तर चालतं, हे त्यात नाही.

तपासलं : १४ जुलैला तसं जाहीर झालं. पण त्याच दिवशी दुसऱ्या समितीने रोजची जुनी मर्यादा कायम ठेवली. तुझ्या वजनाला ती २,६०० मिलिग्रॅम होते, तुझ्या आठ गोळ्यांचे दीडशेच्या आत. डबीवरचा आकडा बघून सांग, म्हणजे पक्कं करू. गुळाचं मात्र ऐकू नकोस, त्यात साखरच असते.

माझं मत : या बातमीमुळे गोळ्या बंद करायचं कारण मला दिसत नाही. चार कपांचे तीन केलेस तर चांगलंच, पण ते वेगळ्या कारणासाठी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचार, ते वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐक.’

हे उत्तर त्या तीन झटपट उत्तरांपेक्षा लांब आहे आणि लिहायला अर्धा तास लागला असेल. प्रत्येक ‘थॉट्स?’साठी एवढा वेळ कोणाकडे नसतो. वेळ नसेल तेव्हा तिन्हींतले एकच काम करावे आणि कोणते केले ते सांगावे. ‘वाचलं, तपासलेलं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. किंवा उलट विचारावे, ‘मामा, तू गोळ्या बंद करायचं म्हणतोयस का?’ अनेकदा पाठवणाऱ्याच्या मनात प्रश्न नेमका असतो, फक्त तो विचारायचा संकोच असतो. ज्याला आजार आहे तो बातमीवर चर्चा मागत नाही, त्याला उद्या काय करू हे हवे असते. दुसऱ्या कोणाला कदाचित फक्त इंग्रजी बातमी मराठीत हवी असते आणि त्याला तपासणीचे पाच परिच्छेद पाठवणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणे होय.

तारीख सर्वात आधी का पाहायची?

कारण ही बातमी अजूनही फिरू शकते. २९ जून २०२३ चा मजकूर आज कोणी चिकटवला तर त्यात ‘पुढच्या महिन्यात जाहीर होणार’ असेच लिहिलेले असेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की निष्कर्ष यायचा आहे. मजकूर चिकटवताना मथळा येतो, छायाचित्र कधी येते कधी नाही, आणि तारखेची ओळ हमखास गळते. अशा वेळी मजकुरातले एखादे पूर्ण वाक्य शोधयंत्रात टाकले की मूळ बातमी आणि तिची तारीख सहसा पहिल्या काही निकालांतच सापडते. नंतर त्याच संस्थेच्या नावासह पुढचा महिना टाकून पाहावे. ‘होणार’ म्हटलेले झाले का, आणि झाले तर कसे, हे तिथे दिसते. या बातमीच्या बाबतीत दोन तारखांमध्ये फक्त पंधरा दिवसांचे अंतर आहे. मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातल्या दुसऱ्या तारखेला आलेले आहे.